शून्य भागिले शून्य : दुधाच्या यंत्रातील एक कोडे

जालना, अंबड वा भोकरदन येथे सकाळी दारात येणारी दुधाची पिशवी तुम्ही पाहिलीच असेल. त्यातल्या दुधाचे पाश्चरीकरण करताना ते ७२ अंश सेल्सिअसपर्यंत तापवून १५ सेकंद त्या तपमानात ठेवतात आणि मग थंड करतात. तापलेल्या दुधातील उष्णता वाया जाऊ नये म्हणून ते आत येणाऱ्या ४ अंशांच्या कच्च्या दुधाशेजारून, पोलादी पत्र्यांच्या दोन बाजूंनी, उलट दिशेने वाहू देतात. हा झाला प्रतिप्रवाही उष्णता-विनिमयक.

त्याची परिणामकारकता, म्हणजे जास्तीत जास्त शक्य उष्णतेपैकी किती उष्णता प्रत्यक्षात दिली गेली ते प्रमाण, पुस्तकात अशी दिलेली असते :

E = (1 − e^(−N(1−r))) / (1 − r·e^(−N(1−r)))

प्रवाहाचे तपमान एक अंशाने वाढवण्यास दर सेकंदाला लागणारी उष्णता म्हणजे त्याचा उष्माधारकता-दर. दोन प्रवाहांच्या अशा दरांपैकी लहान भागिले मोठा म्हणजे r. पत्रे दर अंश फरकामागे दर सेकंदाला जी उष्णता पार करतात तिला लहान दराने भागले की N मिळतो.

आता गंमत पाहा. इथे दोन्ही बाजूंना तेच दूध, तितकेच वाहते; म्हणून r = 1. सूत्रात घाला : वर 1 − 1, खाली 1 − 1. शून्य भागिले शून्य! गणकयंत्र चूक दाखवते. यंत्र मात्र निर्वेध चालू असते.

सूत्र बाजूला ठेवून दुधाकडेच पाहू या. गरम दूध जितके अंश निवते, तितकेच अंश थंड दूध तापते. म्हणून दोहोंतील फरक पत्र्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखाच राहतो. त्याला d म्हणा. मग थंड दूध N·d अंश तापेल. दोन्ही दुधांच्या प्रवेशाच्या वेळचा फरक 72 − 4 = 68 अंश, आणि तो d + N·d इतका असला पाहिजे. म्हणून

E = N / (1 + N)

मूळ सूत्रातूनही हेच निघते. 1 − r = x माना; x अगदी लहान असता e^(−Nx) जवळजवळ 1 − Nx असते. मग अंश Nx आणि छेद x + Nx − Nx². दोहोंस x ने भागा व x शून्याकडे न्या.

N = 9 घेऊ. E = 0.9 आणि d = 6.8 अंश. कच्चे दूध 65.2 अंशांवर बाहेर पडते. वाफेने किंवा गरम पाण्याने उरलेले 6.8 अंशच तापवायचे. E = 0.95 हवी असेल तर N = 19 लागेल, म्हणजे दुपटीहून अधिक पत्रे! म्हणूनच कारखानदार मध्येच थांबतो.

r = 0.999 घेऊन मूळ सूत्राने करून पाहा : 0.9004 येते. पण r एकाच्या फार जवळ नेलात, तर दोन जवळजवळ समान संख्यांच्या वजाबाकीत गणकयंत्राचे बहुतेक अंक नाहीसे होतात. तेव्हा N / (1 + N) हेच वापरावे.