झोळी थांबली की बाळ का उठते?

बाळ रात्रभर जागते, आई पहाटेपर्यंत दोरी ओढत बसते आणि सकाळी सातला तिला कामावर जायचे असते. आपल्या वस्तीतल्या अनेक घरांत असेच चालते. मग कोणी म्हणते दृष्ट लागली, कोणी म्हणते आईचे दूध पुरत नाही, कोणी गुटीत जायफळाचे दोन वळसे जास्त उगाळायला सांगते. दोष बहुधा आईच्याच माथी येतो. या पानावर आम्ही अशा जागरणाचे एक कारण समजावून घेणार आहोत. त्याला डॉक्टर ‘वर्तनजन्य निद्रानाश’ म्हणतात. म्हणजे बाळाच्या शरीरात आजार नसतो. झोप लागण्याची त्याला जी सवय जडली आहे, तीच त्याला पुन्हा पुन्हा उठवते.

मुळात काय घडते?

कोणतेही बाळ सलग झोपत नाही. साधारण पाऊण ते एक तासाने त्याची झोप हलकी होते, ते क्षणभर चाळवते आणि पुन्हा झोपते. निरोगी बाळही रात्रीतून असे अनेकदा चाळवते. चाळवणे हा आजार नव्हे. प्रश्न पुढचा आहे: चाळवल्यावर त्याला स्वतःहून पुन्हा झोपता येते का?

बसमध्ये डुलकी लागलेला माणूस गाडी सिग्नलला थांबली की डोळे उघडतो. हलत्या गाडीत झोप लागली होती, हलणे थांबले, म्हणून जाग आली. झोळीतल्या बाळाचे तसेच होते. झोका चालू असताना त्याला झोप लागली. तासाभराने झोप हलकी झाली तेव्हा झोका थांबलेला होता. बाळाच्या लेखी झोपण्यासाठी झोका हवाच, म्हणून ते रडून तो मागते. कोणाला झोका लागतो, कोणाला तोंडात स्तन किंवा बाटली, तर कोणाला खांद्यावर घेऊन फेऱ्या. तान्ह्या बाळांमध्ये हाच प्रकार जास्त दिसतो. दोन वर्षांपुढच्या मुलांत दुसरा प्रकार दिसतो: पाणी हवे, मोबाईल हवा, अजून खेळायचे आहे, असे म्हणत मूल झोपायचे टाळते आणि घरातले रोज वेगळा नियम लावतात.

नाव कधी लावायचे?

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला डॉक्टर हे नाव लावत नाहीत. त्या वयात रात्री उठून दूध पिणे ही शरीराची गरज असते. त्यानंतरही चार रात्री जागरण झाले म्हणून लगेच निदान होत नाही. आठवड्यातून किमान तीन रात्री, असे तीन महिने त्रास चालू असेल, झोपायला पुरेसा वेळ आणि जागा असूनही होत असेल आणि त्यामुळे बाळाचा किंवा आईबापाचा दिवस बिघडत असेल, तरच हा विचार करतात. आईजवळ झोपणे हा मात्र आजार नाही. आपल्याकडे बाळ आईच्या कुशीतच झोपते. घरात कोणालाच त्याचा त्रास नसेल, तर त्यात बदलण्यासारखे काही नाही.

एक खूण फार उपयोगाची आहे. सवयीने उठलेले बाळ हवी ती गोष्ट मिळताच दोन-चार मिनिटांत शांत झोपते. दुखणाऱ्या बाळाला कुशीतही चैन पडत नाही. म्हणून डॉक्टर आधी आजार शोधतात. घोरणे, श्वास मध्येच अडणे, रात्री खोकला किंवा धाप, कानाशी हात नेऊन रडणे, वारंवार उलटी, वजन न वाढणे, यांपैकी काही असेल तर सवयीच्या गोष्टी बाजूला ठेवून आधी तपासणी करायची. आपल्या वस्त्यांत आणखी दोन कारणे डोळ्यांआड होतात. एक खरूज: रात्री खाज वाढते आणि घरातले इतरही खाजवत असतात. दुसरे रक्तातले लोह कमी असणे: बाळ फिकट दिसते, झोपेत अस्वस्थपणे पाय हलवते. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आठवड्यातून दोनदा एक मिलिलिटर लोहाचे औषध सरकारी योजनेतून मिळते. ते आशाताईंकडे मागा.

एक उदाहरण

ताडीवाला रोडसारख्या वस्तीतले एका खोलीचे घर डोळ्यांसमोर आणा. बाळ दहा महिन्यांचे आहे, वजन नीट वाढते आहे, ते वरण-भात खाते. आई चार घरची कामे करते, वडील रिक्षा चालवून रात्री दहाला येतात, आजी दिवसभर बाळ सांभाळते. बाळ पहिल्यापासून झोळीतच झोपते आणि रात्री पाच-सहा वेळा उठते.

डॉक्टर तपासतात, आजार आढळत नाही. मग ते औषध न लिहिता एक काम देतात: आठवडाभर वहीत लिहा. झोपवायला कधी घेतले, झोप कधी लागली, किती वेळा उठले, काय केल्यावर झोपले, दिवसा कधी झोपले. लिहिता येत नसेल तर शेजारच्या शाळकरी मुलीने रोज सकाळी विचारून लिहावे.

वहीतून चित्र स्पष्ट होते. आई बाळाला नऊ वाजता झोळीत घालते, पण झोप पावणेअकराच्या सुमारास लागते. पाचही वेळा झोका देताच ते झोपते. शिवाय संध्याकाळी सहा ते साडेसात अशी एक झोप झालेली असते, म्हणून नऊला त्याला झोप येत नाही. म्हणजे अडचणी दोन: झोपेची वेळ चुकते आहे आणि झोप झोक्याला बांधली गेली आहे.

उपायही त्याच क्रमाने करतात. सकाळी उठण्याची वेळ सात ठरवायची, रात्र कशीही गेली तरी. दुपारची झोप राहू द्यायची, पण पाचनंतर झोपू द्यायचे नाही. पहिले काही दिवस बाळाला नऊला न झोपवता पावणेअकरालाच झोपवायचे. उशीर करण्याचे कारण असे की डोळ्यांवर खरी झोप असली की सवय मोडणे सोपे जाते. झोपण्याआधी अर्धा तास रोज एकाच क्रमाने तेच करायचे: अंग पुसणे, दूध पाजणे, मोठा दिवा आणि टीव्ही बंद, मग अंगाई. दूध अंगाईच्या आधी पाजायचे, म्हणजे पिता पिता झोप लागत नाही.

आता झोळी. पहिल्या तीन-चार रात्री बाळ पेंगेपर्यंतच झोका द्यायचा आणि डोळे मिटण्याआधी थांबवायचा. ते कुरकुरले तर छातीवर हात ठेवायचा. पुढच्या तीन-चार रात्री सपाट अंथरुणावर निजवून फक्त थोपटायचे. त्यानंतर थोपटणेही बंद, नुसता हात. शेवटी आईने शेजारी डोळे मिटून पडून राहायचे. मध्यरात्री उठल्यावरही तेवढेच करायचे, त्याहून जास्त नाही. बसायला, उलटायला लागलेल्या बाळाच्या दृष्टीने झोळी सुटणे सुरक्षितही आहे, कारण ते तिच्यातून पडू शकते. बाळाला शेजारी घेताना उशा आणि जाड गोधड्या दूर ठेवा. दारू प्यायलेल्या माणसाच्या बाजूला त्याला कधीही निजवू नका.

बाळ वीस मिनिटांच्या आत झोपू लागले की वेळ पंधरा मिनिटांनी अलीकडे आणायची: साडेदहा, सव्वादहा, असे करत साडेनऊपर्यंत. प्रत्येक पायरीला तीन रात्री धरल्या तर पंधरा रात्री लागतात. झोळी सोडण्याचे दिवस धरून सगळे मिळून सुमारे महिना जातो.

कुठे फसते?

दुसऱ्या-तिसऱ्या रात्री रडणे कमी होण्याऐवजी वाढू शकते. इथेच बहुतेक घरे माघार घेतात. अर्धा तास रडू देऊन मग झोका दिला, तर बाळ एवढेच शिकते की अर्धा तास रडले की झोका मिळतो. म्हणून झेपेल एवढीच पायरी निवडा आणि ती सोडू नका. आजीने दुपारी झोळी आणि आईने रात्री थोपटणे, असे झाले तरी गाडी अडते. घरात सगळ्यांनी एकच ठरवले पाहिजे. ताप आला, जुलाब झाले, तर सगळे थांबवून बाळाला जवळ घ्या आणि बरे झाल्यावर पुन्हा सुरू करा. बाळाचे वजन कमी असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय रात्रीचे दूध मुळीच तोडू नका.

बाळाला ठरावीक मिनिटे रडू देऊन मग जवळ जाण्याची पद्धतही डॉक्टर सांगतात. ती गुणकारी आहे, पण एका भिंतीआड शेजारी राहणाऱ्या घरांत ती निभत नाही. तिच्यावाचूनही चालते. ऑस्ट्रेलियात ॲडलेड येथे 6 ते 16 महिन्यांच्या 43 बाळांवर केलेला अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एका गटाला रडू देण्याची पद्धत आणि दुसऱ्याला झोपेची वेळ आधी पुढे ढकलण्याची पद्धत दिली होती. दोन्ही गटांतली बाळे लवकर झोपू लागली. वर्षभरानंतर त्यांच्या वागण्यात किंवा आईशी असलेल्या ओढीत काही बिघाड आढळला नाही. मात्र असे बहुतेक अभ्यास ज्या घरांत बाळाला वेगळी खोली असते, तिथले आहेत. एका खोलीत तेच करताना वेग कमी ठेवावा लागतो.

गुंगीचे औषध नको

मुंबईच्या गिरण्यांत आया कामावर जात, तेव्हा तान्ह्या मुलांना अफूची बाळागोळी देत. बाळ झोपून राही, पण भूक मरे आणि कधी श्वासही थांबे. त्या आयांजवळ दुसरा इलाज नव्हता. बाळंतपणात कामगार स्त्रीला पगारी विश्रांती मिळावी म्हणून बाबासाहेबांनी 1928 साली मुंबईच्या विधिमंडळात आवाज उठवला, तो याच स्त्रियांसाठी. 1929 साली मुंबई प्रांतात तो कायदा झाला.

आज बाळागोळीच्या जागी सर्दीचे सिरप आले आहे. ‘त्याने छान झोपते’ म्हणून ते दिले जाते. सर्दीच्या एका नेहमीच्या मिश्र औषधावर चार वर्षांखालील मुलांना देऊ नये असा इशारा छापण्याचा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर 2023 मध्ये दिला. जायफळही जास्त झाले तर विषारी ठरते. वर्तनजन्य निद्रानाशाला तान्ह्या वयात औषध लागत नाही.

वही घेऊन महापालिकेच्या दवाखान्यात किंवा ससूनच्या बालरोग विभागात जा. आठवड्याची नोंद समोर असली की डॉक्टरांना पाच मिनिटांतही नेमके सांगता येते. तोपर्यंत रात्रीच्या पाळ्या वाटून घ्या. दोरी आईनेच ओढली पाहिजे असा नियम नाही. आणि बाळ झोपले तरी आईला झोप येत नसेल, सारखे रडू येत असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर तपासणी तिचीही व्हायला हवी, आणि ती लगेच.