आज घ्यायचं की वर्षाने: दोन्ही वाटांचा हिशेब

एचएमसीचं कोटेशन आणि तू मांडलेला तक्ता, दोन्ही नीट पाहिले. तुझी आकडेमोड बरोबर आहे, पण हिशेब अर्धाच झालाय. मशीन आज घेतलं तर परवडेल का, एवढंच तू विचारलंयस. हेच मशीन पुढच्या वर्षीही मिळणार आहे. त्यामुळे आज घ्यायचं की वर्षाने, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर एका वाटेच्या आकड्यावरून मिळत नाही.

तुझेच आकडे घेऊ. पाया, वायरिंग आणि टूलिंग धरून खर्च 1 कोटी. ट्रॅक्टरवाल्यांचं नवं मॉडेल चाललं तर गिअरबॉक्स हाउसिंगच्या मशिनिंगमधून सगळा खर्च वजा जाता वर्षाला 35 लाख सुटतील, नाही चाललं तर 12 लाख. दोन्हींची शक्यता तू निम्मी-निम्मी धरलीस. मशीन 8 वर्षं धरलंस, आणि पैशाचा दर 12 टक्के. या दराने पुढची 8 वर्षं दरवर्षी येणाऱ्या 1 रुपयाची आजची किंमत 4.97 रुपये होते. एक्सेलमध्ये एका ओळीत निघतं:

```
=PV(12%,8,-35)
```

म्हणजे मॉडेल चाललं तर येणाऱ्या पैशाची आजची किंमत 174 लाख, नाही चाललं तर 60 लाख. सरासरी 117. त्यातून मशीनचे 100 गेले की 17 लाख उरतात. आकडा शून्याच्या वर आहे म्हणून तू ‘घ्यावं’ असं लिहिलंस.

आता दुसरी वाट. वर्षभर थांबलीस की मॉडेल चाललं की नाही ते कळलेलं असेल. चाललं तर मशीन घ्यायचं आणि 174 वजा 100, म्हणजे 74 लाख मिळवायचे. नाही चाललं तर घ्यायचंच नाही, तिथे शून्य. निम्म्या शक्यतेने 74 चे 37 होतात. पण हे 37 पुढच्या वर्षीचे आहेत, त्यांना 1.12 ने भागून आजच्या रुपयांत आणायचं. आले 33 लाख. एकीकडे 17, दुसरीकडे 33. आज मशीन घेणं तोट्याचं नाही, तरीही थांबणं सोळा लाखांनी सरस आहे. बहुतेकजण नेमके इथे फसतात, कारण शून्याच्या वरचा आकडा दिसला की ते पुढे बघतच नाहीत. मुंबईत जन्मलेले अर्थशास्त्रज्ञ अविनाश दीक्षित यांनी रॉबर्ट पिंडाइक यांच्याबरोबर 1994 साली या विषयावर अख्खं पुस्तक लिहिलं. त्यातलं सुरुवातीचं उदाहरण याच घडणीचं आहे.

हे सोळा लाख येतात कुठून, ते समजून घे. थांबल्यामुळे चांगल्या वर्षांत काही भर पडत नाही, उलट ती वर्षभर पुढे जातात. फायदा सगळा वाईट बाजूचा आहे: साठ लाखांच्या कामासाठी शंभर लाख अडकवण्यातून तू सुटतेस. म्हणून थांबण्याआधी स्वतःला विचार, ‘वाईट बातमी आली तर माझा निर्णय बदलेल का?’ समज, मॉडेल पडलं तरी इतर कामांतून वर्षाला 21 लाख सुटणार असतील. त्यांची आजची किंमत 104 लाख, म्हणजे तेव्हाही तू मशीन घेशीलच. मग आज घेतल्यास हाती 39 लाख आणि थांबल्यास 35. जी माहिती कळूनही आपण तेच करणार, तिच्यासाठी वर्ष घालवू नये.

शक्यतेचा आकडाही हलवून बघ. तू निम्मी धरलीस, ती ग्राहकाशी बोलून आलेली की मनाने धरलेली? या आकड्यांत मॉडेल चालण्याची खात्री 84 टक्क्यांच्या वर गेली तरच आज घेणं सरस ठरतं. पीपीएपी मंजूर झालं म्हणून तू खूश आहेस, पण त्याने नमुना पास झालाय, मागणी नाही. मागणी महिन्याच्या शेड्यूलमध्ये दिसते. सलग काही महिने शेड्यूल वाढत गेलं आणि ते जसंच्या तसं उचललं गेलं, तर तो खरा पुरावा.

थांबण्याचीही किंमत असते, आणि ती तू धरली नाहीस तर हिशेब उलट्या बाजूने चुकेल. मशीन वर्षात थोडं महाग होईल, त्याने फार बिघडत नाही. 5 लाख वाढले तरी थांबण्याचे 33 चे 31 होतात. खरी भीती दुसऱ्या पुरवठादाराची. तुझ्याकडे क्षमता नाही म्हणून ग्राहकाने निम्मं काम दुसऱ्याला दिलं, तर ते परत मिळवणं अवघड. थांबल्यानंतर चांगल्या वर्षाचे 35 लाख घसरून 28 च्या खाली येणार असतील, तर थांबू नकोस. 27 धरून मी करून पाहिलं, थांबण्याचे 15 येतात, म्हणजे आज घेण्याच्या 17 पेक्षा कमी. तुझा सगळा निर्णय या एका आकड्यावर टेकलाय. म्हणून आधी ग्राहकाच्या खरेदी विभागात जाऊन बस आणि दुसरा पुरवठादार ते कधी उभा करणार आहेत ते विचार.

मशीन कसलं आहे यावरही बरंच ठरतं. नेहमीच्या एचएमसीला जुन्या बाजारात गिऱ्हाईक मिळतं. मॉडेल पडलं आणि वर्षाअखेर तू ते 65 लाखांना विकू शकलीस, तर आज घेण्याचे 17 चे एकवीस-बावीस होतात आणि थांबण्याची गरज तेवढी कमी होते. हेच काम एसपीएमवर करायचं ठरवलंस तर ते एकाच हाउसिंगसाठी बांधलेलं असतं, विकायला काढलं की भंगाराचा भाव. त्या बाबतीत थांबणंच जास्त किमती.

तक्त्यात दोन दुरुस्त्या कर. एक, 35 लाखांतून बँकेचा हप्ता वजा करू नकोस. मशीनचे 100 लाख आपण एकदा वजा केलेत आणि व्याज 12 टक्क्यांत आलंय, त्यामुळे हप्ता धरला की तोच खर्च दोनदा मोजला जातो. दुसरी, मॉडेल पडेल या भीतीने दर 18 टक्के करू नकोस. ती भीती 12 लाखांच्या आकड्यात आणि निम्म्या शक्यतेत धरून झाली आहे.

आणि थांबणं म्हणजे हात बांधून बसणं नव्हे. वर्षभर हे हाउसिंग शिरोलीतल्याच एखाद्या शॉपमधून जॉबवर्कवर करून घे. ग्राहकाला आधी सांगून, त्याची मंजुरी घेऊनच. फिक्स्चर आणि गेज आपले, बोअरची अंतिम तपासणी आपल्या टेबलावर. त्यात फारसं सुटणार नाही, पण ग्राहकाचा माल अडणार नाही आणि शेड्यूल तुझ्याच हातात येत राहील. मशीनवाल्याशीही बोल. 3 लाख परत न मिळणारे देऊन वर्षभर भाव आणि डिलिव्हरी बांधून मिळत असेल, तरी 33 चे 30 उरतात, म्हणजे सौदा चांगलाच.

माझं मत विचारशील तर, ग्राहक दुसरा पुरवठादार आणणार नसेल तर थांब. पण तारीख घालून थांब: 31 मार्चचं शेड्यूल हातात आलं की त्याच आठवड्यात हा तक्ता नव्या आकड्यांनी पुन्हा भर आणि हो किंवा नाही लिहून टाक. तोपर्यंत पायाचं खोदकाम सुरू करू नकोस, एकदा पाया झाला की मशीन आणल्याशिवाय कुणालाच राहवत नाही.