घटक ५ : गलगंड-सर्वेक्षण आणि मूत्रातील आयोडीन

५.१ उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपणांस
• गलगंड-सर्वेक्षण व मूत्रपरीक्षण यांतील भेद सांगता येईल.
• दोहोंच्या निष्कर्षांत विसंगती दिसल्यास तिचा अर्थ लावता येईल.

५.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, गळ्यातील अवटू ग्रंथीला (थायरॉइडला) आपला स्राव तयार करण्यासाठी आयोडीन लागते. ते पुरेसे न मिळाल्यास ग्रंथी अधिक काम करू पाहते आणि वाढते. या वाढीलाच आपण गलगंड म्हणतो. परंतु गलगंड ही या अभावाची केवळ डोळ्यांना दिसणारी खूण होय. खरी हानी गर्भावस्थेत होते. मातेला आयोडीन कमी पडले, तर बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते आणि ती पुढे भरून काढता येत नाही. म्हणूनच अभाव आज आहे की नाही, हे वेळीच कळणे आवश्यक ठरते.

५.३ विषय-विवेचन

५.३.१ कांगडा खोऱ्यातील प्रयोग

हिमाचल प्रदेशातील कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये एक प्रयोग आरंभिला. खोऱ्याचे तीन विभाग करून दोन विभागांना आयोडीनयुक्त मीठ व एका विभागाला साधे मीठ पुरविण्यात आले. प्रारंभी तिन्ही विभागांत गलगंडाचे प्रमाण सुमारे ४० टक्के होते. सहा वर्षांनी आयोडीनयुक्त मिठाच्या दोन्ही विभागांत ते निम्म्याच्या आसपास किंवा त्याहूनही खाली आले. साध्या मिठाच्या विभागात मात्र ते जवळजवळ तसेच राहिले. १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, त्यामागे या प्रयोगाचा मोठा आधार होता.

या प्रयोगातून दुसरीही एक गोष्ट लक्षात घ्यावी. पुरेसे आयोडीन मिळत असूनही सहा वर्षांनंतर गलगंड पूर्णपणे गेला नव्हता. वाढलेली ग्रंथी सावकाश ओसरते. त्यामुळे गलगंडाचे प्रमाण मुख्यतः भूतकाळाविषयी सांगते.

५.३.२ दोन मापने

गलगंड-सर्वेक्षणात ६ ते १२ वर्षे वयाच्या मुलांचा गळा तपासतात. ग्रंथीचा प्रत्येक बाजूचा भाग त्याच मुलाच्या अंगठ्याच्या टोकाच्या पेराहून मोठा लागला, तर गलगंड आहे असे मानतात. हाताला लागतो पण दिसत नाही, तो पहिल्या श्रेणीचा. मान सरळ असताना दिसतो, तो दुसऱ्या श्रेणीचा. दोन्ही मिळून प्रमाण ५ टक्के वा अधिक असल्यास तो सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न समजला जातो. येथे एक मर्यादा आहे. पहिल्या श्रेणीबाबत दोन तपासनीसांचे मत सहज भिन्न होऊ शकते.

मूत्रपरीक्षण मात्र वर्तमानाविषयी सांगते. आहारातील बहुतांश आयोडीन मूत्रावाटे बाहेर पडते. म्हणून अलीकडच्या दिवसांत किती आयोडीन पोटात गेले, हे त्यावरून कळते. परंतु एकाच मुलाचा आकडा दिवसागणिक बदलतो. तेव्हा एका नमुन्यावरून त्या मुलाचे निदान करू नये. समूहाचा मध्यक काढावा.

उदाहरणार्थ, नऊ मुलांचे आकडे (मायक्रोग्रॅम प्रतिलिटर) असे आहेत असे समजा : ४०, ६०, ७५, ९०, ११०, १३०, १५०, १८०, ६००. यांची सरासरी सुमारे १५९ येते, कारण शेवटचा एकच आकडा तिला वर ओढतो. मध्यक ११० आहे आणि तोच समूहाचे खरे चित्र दाखवितो. शाळकरी मुलांत १०० ते १९९ हा मध्यक पुरेसा मानतात. प्रत्यक्ष सर्वेक्षणात अर्थातच शेकडो नमुने घ्यावे लागतात.

५.३.३ विसंगतीचा अर्थ

समजा, ‘अ’ तालुक्यात गलगंड १२ टक्के व मध्यक १४० आहे. येथे मीठ पोहोचत आहे. दिसतो तो जुन्या अभावाचा अवशेष. ‘ब’ तालुक्यात गलगंड ४ टक्के, पण मध्यक ६० आहे. गळे तपासणारा येथे समाधानाने परतेल. परंतु आजच्या गर्भवतींना आयोडीन कमी पडत असण्याचा धोका याच तालुक्यात अधिक आहे. तेव्हा प्रथम घराघरांतील मीठ तपासावे. मिठात ग्राहकापर्यंत पोहोचताना प्रतिदशलक्ष भागांत किमान १५ भाग आयोडीन असावे, असा भारतातील दंडक आहे. स्वस्त खडे मीठ बिनआयोडीनचे आहे का, मीठ ओलसर जागी उघडे ठेवले जाते का, हे पाहावे. मिठावर थेंब टाकून निळा रंग पाहण्याची चाचणी आयोडीन आहे की नाही एवढेच खात्रीने सांगते. नेमके प्रमाण प्रयोगशाळेतच ठरते.

५.४ सारांश

गलगंड मागील वर्षांचा अभाव दाखवितो, मूत्रातील आयोडीन आजचा पुरवठा दाखविते. दोन्ही एकत्र वाचल्यासच समूहाची स्थिती कळते.

५.५ स्वयं-अध्ययन प्रश्न

एका तालुक्यात आयोडीनयुक्त मीठ सुरू होऊन एक वर्ष झाले. गलगंडाचे प्रमाण बदललेले नाही, म्हणून योजना निष्फळ ठरली असे एक सदस्य म्हणतो. आपण कोणते मापन मागाल आणि का?