चार पिनांचा जुना प्लग आणि चाळीस रुपयांचा अ‍ॅडॉप्टर

आपल्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयातील नोंदणीचा संगणक गेल्या वर्षी एका दुपारी करपल्याचा वास सोडू लागला. ग्रंथपाल सरांनी लगेच भिंतीवरचे बटण बंद केले, म्हणून अनर्थ टळला. पेटी उघडून आत पाहण्याचे काम माझ्याकडे आले; कारण सुट्टीच्या दिवसांत मी वसमतला संगणक दुरुस्तीच्या एका दुकानात काम शिकतो. त्या दिवशी जे दिसले त्याने मला एक कोडे घातले. त्या कोड्याची उकल हाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

हा संगणक जुना. त्याच्या एसएमपीएसमधून, म्हणजे भिंतीतल्या विजेचे रूपांतर करून आतल्या भागांना कमी दाबाची वीज पुरवणाऱ्या डब्यातून, निघणाऱ्या बहुतेक वायरींच्या टोकाला चार जाड पिनांचे पांढरे प्लग आहेत. बाजारात या प्लगला सगळे 'मोलेक्स' म्हणतात. वास्तविक हा नमुना एएमपी या कंपनीच्या मेट-एन-लॉक मालिकेतला. पण दुसऱ्या कंपनीचे नाव त्याला चिकटले ते कायमचेच. त्यातील पिवळी वायर 12 व्होल्टची, लाल 5 व्होल्टची आणि मधल्या दोन काळ्या परतीच्या, म्हणजे ग्राउंडच्या. पिना एकमेकींपासून सुमारे 5 मिलिमीटर अंतरावर असतात. प्लग ओबडधोबड, लावताना बोटे दुखवणारा. पण अंतर भरपूर असल्याने आतल्या आत शॉर्ट होण्याची भीती फार थोडी.

2003 साली साटा ही नवी पद्धत आली आणि हार्ड डिस्कचा वीजपुरवठ्याचा प्लगही बदलला. नवा प्लग चपटा व 15 पट्ट्यांचा. दोन पट्ट्यांच्या मध्यांमधले अंतर फक्त 1.27 मिलिमीटर, आणि मधली मोकळी जागा जेमतेम अर्धा मिलिमीटर. ओळीने पाहिले तर आधी 3.3 व्होल्टच्या तीन पट्ट्या, मग ग्राउंड, मग 5 व्होल्टच्या तीन, पुन्हा ग्राउंड आणि शेवटी 12 व्होल्टच्या तीन. म्हणजे 12 व्होल्टची पट्टी थेट ग्राउंडच्या शेजारी बसलेली. ही शेजारधर्माची गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी.

ग्रंथालयाच्या संगणकात जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली होती. एसएमपीएसला साटाचा मोकळा प्लग नव्हता, म्हणून कोणीतरी चाळीस रुपयांचा अ‍ॅडॉप्टर आणला होता : एका टोकाला मोलेक्स, दुसऱ्या टोकाला साटा. पेटी उघडली तेव्हा साटाच्या बाजूचा काळा ठोकळा एका कडेने तपकिरी होऊन फुगला होता. पिवळ्या वायरचे आवरण कडक होऊन तडकले होते. लाल वायर मात्र जशीच्या तशी होती.

कोडे इथेच आहे. अडीच इंची एसएसडी साधारणपणे फक्त 5 व्होल्टवर चालते. 12 व्होल्टची तिला गरजच नसते. मग जी वायर कोणी वापरतच नव्हते तीच का जळली?

माझा पहिला तर्क असा की अ‍ॅडॉप्टरवर भार जास्त झाला असावा. पण आकडे तसे सांगत नाहीत. साटाची एक पट्टी दीड अँपिअर वाहू शकते, तिन्ही मिळून साडेचार. मोठी साडेतीन इंची हार्ड डिस्कसुद्धा सुरू होताना 12 व्होल्टवर दोन अँपिअरच्या आसपास ओढते आणि नंतर एकाहून कमी. येथे तर पिवळ्या वायरवर भार शून्य होता.

ठोकळा ब्लेडने कापल्यावर उत्तर सापडले. हा अ‍ॅडॉप्टर ओतीव जातीचा होता. अशा अ‍ॅडॉप्टरमध्ये वायरींची उघडी टोके पट्ट्यांना जोडून त्यांच्यावर तापलेले प्लॅस्टिक दाबाने ओततात. त्या उष्णतेने व दाबाने वायर किंचित सरकली, किंवा तांब्याचा एखादा तंतू बाजूला गेला, तर अर्ध्या मिलिमीटरच्या जागेत तो शेजाऱ्याला जवळजवळ टेकतो. बाहेरून काहीही दिसत नाही, आणि पहिल्या दिवशी सर्व सुरळीत चालते. पुढे रोजच्या तापण्या-निवण्याने मधले पातळ प्लॅस्टिक खराब होते आणि त्यातून थोडा थोडा प्रवाह झिरपू लागतो. त्याने प्लॅस्टिक करपते. करपलेले प्लॅस्टिक म्हणजे कोळसा, आणि कोळशातून वीज वाहते. मग झिरपणे वाढते, उष्णता वाढते, आणि करपणेही वाढते. 12 व्होल्टच्या वायरीत दाब सदैव असतो; डिस्क तो वापरो वा न वापरो.

येथे कोणी विचारील की शॉर्ट झाल्यावर एसएमपीएस बंद का पडला नाही? त्यासाठी एक साधे गणित करू. समजा, करपलेल्या पुलाचा रोध 3 ओहम आहे. 12 भागिले 3, म्हणजे प्रवाह 4 अँपिअर. त्या एसएमपीएसवर 12 व्होल्टसमोर 15 अँपिअर छापले होते. चार अँपिअर त्याला शॉर्ट वाटतच नाही. दोन हार्ड डिस्का एकदम सुरू झाल्या असेच त्याला वाटते. पण 12 गुणिले 4 म्हणजे 48 वॉट उष्णता हरभऱ्याएवढ्या जागेत साठते. आमच्या दुकानातली डाग देण्याची सोल्डरिंग आयर्न 25 वॉटची आहे, आणि तिने शिसे-कथील पाण्यासारखे वितळते. पूर्ण शॉर्ट झाला तर एसएमपीएस क्षणात बंद होतो. धोका आहे तो या अर्धवट शॉर्टचा.

मग ओळखावे कसे? साटाच्या टोकाची मागची बाजू पाहावी. वायरी एकसंध, गुळगुळीत प्लॅस्टिकमध्ये शिरून दिसेनाशा होत असतील तर तो ओतीव. दुसऱ्या जातीत मागे वेगळे झाकण असते, वायरी त्यात समांतर बसवलेल्या असतात, आणि प्रत्येक वायर धातूच्या स्वतंत्र पात्यात दाबून पकडलेली असते. झाकण काढले की पाती दिसतात. तेथे वायरी आपापल्या खोबणीत असल्याने सरकत नाहीत. प्रत्येक ओतीव अ‍ॅडॉप्टर जळतोच असे नाही. परंतु चांगला कोणता व वाईट कोणता हे न कापता कळण्याचा मार्ग नाही, हीच खरी अडचण आहे.

दाबून बसवलेला अ‍ॅडॉप्टर घेतला तरी जुन्या मोलेक्सकडे पाहावे लागते. त्याच्या आतल्या नळ्या वर्षानुवर्षे लावून-काढून सैल होतात; सैल जोड तापतो. त्याचे दोन कोपरे तिरपे कापलेले असतात ते उलटा बसू नये म्हणून. पण जोर केला तर झिजलेला प्लग उलटाही शिरतो, आणि मग 5 व्होल्टच्या जागी 12 व्होल्ट जाऊन डिस्क जागीच मरते. एकाच मोलेक्सवर फाटे फोडून चार-चार हार्ड डिस्का चालवणेही टाळावे. सुरू होताना त्या मिळून आठ अँपिअर मागतात.

आमची एसएसडी सुदैवाने वाचली. तिच्या तोंडाचे प्लॅस्टिक थोडे वितळले होते, पण दुसऱ्या संगणकाला जोडताच ती चालली आणि दाखलनोंदीची सर्व माहिती त्याच संध्याकाळी उतरवून घेतली. सरांना मी साटाचे प्लग असलेला नवा एसएमपीएसच घ्यावा असे सुचवले, आणि तो बसवलाही. त्यानंतर प्रयोगशाळेतले इतर संगणक भिंतीपासून सोडवून एकेक उघडले. आणखी तीन ओतीव अ‍ॅडॉप्टर निघाले. एकाचा ठोकळा पिवळ्या वायरपाशी किंचित तपकिरी झाला होता. त्याला अजून वास येत नव्हता, एवढेच.