गाडी मामाची, फोन तुमचा: मुळशीत सुट्टीवर येणाऱ्यांसाठी

परदेशात स्थिरावलेली आमच्यापैकी बरीच कुटुंबं दर वर्षी सुट्टीला पुण्यात येतात आणि मामाची, काकांची किंवा भाड्याची गाडी घेऊन मुळशीला जातात. पहिल्यांदाच येणाऱ्या तुमच्यासाठी त्या सगळ्यांच्या अनुभवातून हे लिहिलं आहे. अडचण जवळजवळ प्रत्येकाची एकच असते: लंडनमध्ये किंवा न्यू जर्सीत स्वतःच्या गाडीला न सांगता जोडला जाणारा फोन मामाच्या गाडीला जोडलाच जात नाही.

आधी एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे निम्मी शोधाशोध वाचेल. फोन गाडीला दोन वेगळ्या रीतींनी जोडला जातो. पहिली रीत साध्या ब्लूटूथची. त्यातून कॉल, गाणी आणि फोनमधली नावं गाडीत येतात, पण नकाशा गाडीच्या पडद्यावर दिसत नाही. दुसरी रीत म्हणजे आयफोनसाठी कारप्ले किंवा अँड्रॉइडसाठी अँड्रॉइड ऑटो. तिथे गाडीच्या पडद्यावरचं चित्रच फोन काढतो, म्हणून नकाशाही दिसतो. ही जोडणी केबलने होते, किंवा केबलशिवाय. केबलशिवाय असेल तेव्हा ब्लूटूथ फक्त ओळख करून देतं आणि पुढचं काम वाय-फायवर चालतं. म्हणून ‘ब्लूटूथ तर जोडलंय, मग नकाशा का येत नाही?’ असा प्रश्न पडला, तर बिघाड बहुधा ब्लूटूथमध्ये नसतो. एक तर त्या गाडीत ही सोय नसेल, किंवा फोनचं वाय-फाय बंद असेल, किंवा फोनवर व्हीपीएन चालू असेल. परदेशातून मराठी मालिका पाहण्यासाठी अनेकांच्या फोनवर व्हीपीएन कायम चालू असतं आणि ते ही आतली वाय-फाय जोडणी अडवू शकतं. ते बंद करून पाहा. आयफोनवर सिरी बंद असेल तर कारप्ले सुरूच होत नाही, हेही लक्षात ठेवा.

आता लेस्टरमधल्या एका कुटुंबाचं उदाहरण घेऊ. भूगावच्या मामांची गाडी घेऊन त्यांना मुळशी धरणाच्या बाजूला जायचं होतं. फोनवर गाडीचं नाव दिसायचं, सहा आकडी क्रमांक दोन्ही पडद्यांवर सारखाच यायचा, ‘हो’ म्हटलं की क्षणात जोडणी तुटायची. आकडे जुळत होते, याचा अर्थ दोन्ही यंत्रं एकमेकांना ऐकत होती. अडचण पुढे, ती ओळख साठवून ठेवण्यात होती. गाडीच्या सेटिंगमध्ये जोडलेल्या फोनची यादी उघडली तेव्हा कारण सापडलं. मामांचा जुना फोन, मामींचा, दोन भाच्यांचे, ड्रायव्हरचा, अशी यादी भरलेली होती. गाडी मोजकेच फोन लक्षात ठेवते. यादी भरली की काही गाड्या तसं स्पष्ट सांगतात, काही नुसतंच नाकारतात. मामांना विचारून दोन जुनी नावं काढली. तरीही जोडणी होईना, कारण आधीच्या फसलेल्या प्रयत्नांतली अर्धवट ओळख लेस्टरच्या फोनमध्ये उरली होती. फोनमधून ‘Forget This Device’ करून ती पुसली, ब्लूटूथ बंद करून पुन्हा चालू केलं आणि पहिल्याच खेपेला फोन जोडला गेला. म्हणून ओळख नेहमी दोन्हीकडून पुसा. एकाच बाजूने पुसली तर दुसरी बाजू जुनीच किल्ली वापरत राहते. हे सगळं गाडी उभी असताना करा. चालत्या गाडीत नवा फोन जोडायला बऱ्याच गाड्या परवानगीच देत नाहीत.

फोन जोडला गेल्यावर कॉल येतो पण गाणी येत नाहीत, किंवा उलट, असंही होतं. ब्लूटूथवर ही दोन वेगळी कामं आहेत आणि फोनमध्ये त्यांचे वेगळे खटके असतात. अँड्रॉइडवर ब्लूटूथच्या यादीत गाडीच्या नावाशेजारच्या चाकावर टिचकी मारली की कॉल, गाणी आणि संपर्क यांचे वेगवेगळे पर्याय दिसतात. संपर्काला परवानगी दिली नसेल तर पडद्यावर नाव न येता नुसता नंबर दिसतो. मामींचाही फोन गाडीत असेल तर गाडी आधी त्यांचाच पकडू शकते. मग तुमचा कॉल तुमच्या फोनवर वाजत राहतो आणि गाडी गप्प बसते. अशा वेळी तेवढ्यापुरतं मामींच्या फोनचं ब्लूटूथ बंद ठेवा.

मराठी माणसाची एक खास अडचण इथे सांगायलाच हवी. फोनमधली नावं देवनागरीत लिहिली असतील तर साध्या ब्लूटूथवर काही गाड्यांच्या पडद्यावर ‘आई’च्या जागी चौकोन दिसतात, कारण त्या गाडीत देवनागरी अक्षरंच नसतात. कारप्ले किंवा अँड्रॉइड ऑटोवर तीच नावं नीट दिसतात, कारण तिथे अक्षरं फोन काढतो. नंबरही +91 लावून साठवा. नुसता दहा आकडी नंबर पुण्यातल्या सिमवरून लागतो. परदेशी परतल्यावर तिथल्या सिमवरून लागत नाही, आणि स्टिअरिंगवरचं बटण दाबून आईला फोन लावायला गेलात तर दोष गाडीचा वाटतो.

केबलबद्दल थोडक्यात. फोन चार्ज होतो म्हणून केबल चांगली, असं समजू नका. काही केबलमध्ये फक्त वीज जाते, माहिती जात नाही. गाडीतही एकापेक्षा जास्त सॉकेट असतात आणि त्यातलं एखादंच जोडणीसाठी असतं. फोनबरोबर आलेली, एक मीटरपेक्षा लांब नसलेली केबल सोबत आणा.

आता रस्ता. चांदणी चौक, भूगाव, पिरंगुट, पौड, मग धरण आणि पुढे ताम्हिणी घाट उतरून माणगाव. पौडच्या पुढे मोबाइलचं नेटवर्क कुठे असतं, कुठे नसतं. उपग्रहांवरून जागा कळायला नेटवर्क लागत नाही, पण नकाशा आणि शोध यांना लागतं. म्हणून घरच्या वाय-फायवर असतानाच गूगल मॅप्समध्ये पुण्यापासून माणगावपर्यंतचा भाग उतरवून ठेवा. नेटवर्क गेल्यावर त्यावर वळणं आणि अंतरं मिळतील, रस्त्यावरची गर्दी कळणार नाही. आणि नुसतं ‘मुळशी’ शोधू नका. मुळशी हे तालुक्याचं नाव आहे. हिंजवडीही त्याच तालुक्यात येते आणि तालुक्याचं ठिकाण पौड आहे. गावाचं किंवा मुक्कामाच्या जागेचं नेमकं नाव घाला आणि निघण्याआधी खूण कुठे पडली आहे ते मामांना दाखवा.

कायद्याचंही ध्यानात असू द्या. भारतात 1 ऑक्टोबर 2020 पासूनच्या नियमांनुसार गाडी चालवताना हातातलं उपकरण फक्त रस्ता पाहण्यासाठी वापरता येतं, तेही लक्ष विचलित न होता. हातात धरून बोलणं गुन्हाच आहे. ब्रिटनमध्ये नव्याने राहायला गेलेल्यांनी तिथला नियम अधिक काळजीने पाळावा: फोन हातात धरून वापरला तर 200 पौंड दंड आणि परवान्यावर सहा गुण लागतात. तिथला परवाना मिळून दोन वर्षं झाली नसतील, तर सहा गुणांवर तो रद्द होतो.

गाडी परत करताना गाडीच्या यादीतून आपला फोन काढून टाका, भाड्याची गाडी असेल तर नक्कीच. फोन निघून गेला तरी तुमच्या संपर्कांची आणि शेवटच्या कॉलची यादी गाडीत राहू शकते. तुम्ही नकाशात घातलेले पत्तेही गाडीच्या स्वतःच्या नकाशात असतील तर तेही पुसा. मामाच्या गाडीतून तुमच्यासाठी जे फोन काढले होते, ते परत जोडून द्यायला विसरू नका. मामींना ते एकट्यांना जमेलच असं नाही.