स्वप्नातील नदी आणि अचला भूमी

दहावीची परीक्षा महिन्यावर आली असताना वसतिगृहातील एका विद्यार्थ्याने मला आपले स्वप्न सांगितले. तो नावेतून एक रुंद नदी ओलांडीत असतो. पैलतीर दिसू लागतो आणि नाव काठाला लागण्यापूर्वीच त्याला जाग येते. हे स्वप्न त्याला तीनदा पडले होते. नाव काठाला लागत नाही, म्हणजे हाती घेतलेले काम अपुरे राहणार, असा त्याचा अर्थ घरी कोणीतरी सांगितला होता आणि त्या धास्तीने त्याचे अभ्यासावरून मन उडाले होते.

दीघनिकायातील ब्रह्मजालसुत्तात स्वप्नांची फळे सांगून उपजीविका करणे हे हीन विद्यांत गणले आहे. भगवान बुद्ध त्यापासून अलिप्त असल्याचे तेथे स्पष्ट म्हटले आहे. म्हणून मी त्याला स्वप्नाचे फळ सांगितले नाही. मात्र स्वप्नातील नदीचाच दृष्टान्त असलेल्या एका प्राचीन ग्रंथाची ओळख करून दिली.

तो ग्रंथ म्हणजे महायान परंपरेतील ‘दशभूमिक सूत्र’. इ.स. २९७ मध्ये धर्मरक्षाने त्याचा चिनी अनुवाद केला. मूळ संस्कृत पाठही उपलब्ध आहे. बोधिसत्त्वाच्या वाटचालीचे दहा टप्पे, म्हणजे दहा भूमी, त्यात वज्रगर्भ बोधिसत्त्वाच्या मुखातून सांगितल्या आहेत. मुदिता, विमला, प्रभाकरी ही नावे आपल्या वाचकांना अपरिचित नाहीत. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या पहिल्याच खंडात बोधिसत्त्वाच्या या दहा अवस्था दिल्या आहेत. त्यांतील सातवी दूरंगमा आणि आठवी अचला.

सातव्या भूमीपर्यंत बोधिसत्त्वाला प्रत्येक पाऊल प्रयत्नाने टाकावे लागते. आठव्या भूमीत ती धडपड शमते आणि जे कुशल आहे ते त्याच्या हातून सहज घडू लागते. हा बदल समजावण्यासाठी सूत्रकाराने स्वप्न योजले आहे. एक मनुष्य झोपेत आपण महानदीच्या लोंढ्यात सापडलो आहोत असे पाहतो. पार होण्यासाठी तो सारे बळ एकवटतो आणि त्या पराकाष्ठेनेच त्याला जाग येते. जागा झाल्यावर नदी नाही, बुडण्याचे भय नाही आणि हातपाय मारण्याची गरजही नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. दृष्टान्तातील मनुष्य पैलतीराला पोहोचतच नाही. तरीही सूत्रकार त्याला अपयशी ठरवीत नाही, कारण त्याला जाग आणली ती त्याच्या प्रयत्नानेच. जो प्रवाहाबरोबर निमूट वाहत गेला असता, त्याला ती आली नसती. नव्या अवस्थेत प्रवेश म्हणजे केवळ दुसरा काठ गाठणे नव्हे; ज्या दृष्टीने कालपर्यंत जग दिसत होते, ती दृष्टीच बदलणे होय.

त्याच प्रकरणात पुढे जहाजाचा दृष्टान्त येतो. समुद्राला मिळेपर्यंत जहाज मोठ्या कष्टाने ओढून न्यावे लागते. एकदा ते समुद्रात शिरले की वाऱ्याच्या बळावर एका दिवसात इतके अंतर कापते, की तेवढे ओढून नेण्यास शंभर वर्षेही पुरली नसती. परंतु आधीचे ओढणे टाळून कोणतेही जहाज समुद्राला पोहोचत नाही.

मात्र सूत्र येथे थांबत नाही. अचला भूमीतील शांती इतकी गाढ असते, की बोधिसत्त्व तिथेच विसावण्याचा धोका असतो. तेव्हा सर्व बुद्ध त्याला सांगतात की, तू मिळवलेस ते चांगले; पण आमची दशबले तुला अजून लाभलेली नाहीत, म्हणून उद्यम सोडू नकोस. जे अजून अशांत आहेत त्यांच्याकडे पाहा आणि आपला पहिला संकल्प आठव. स्वप्नाच्या दृष्टान्ताचा अन्वयार्थही सूत्रात असाच आहे. बोधिसत्त्व ज्या लोंढ्याकडे पाहून झटत होता, त्यात इतर प्राणी वाहत चालले होते आणि त्यांना पार नेणे हाच त्याच्या प्रयत्नाचा हेतू होता.

हे सारे त्या विद्यार्थ्याला मी दोन संध्याकाळी सांगितले. त्याने विचारले, “सर, मग नाव काठाला लागली नाही तरी चालते?” मी म्हटले, “स्वप्नात चालते. जागेपणी मात्र वल्हे आपल्यालाच मारावे लागते.” तो हसला आणि अभ्यासिकेत निघून गेला. त्यानंतर ते स्वप्न पुन्हा पडले की नाही, हे मी त्याला विचारले नाही.

या स्मरणिकेचे वाचक असलेल्या माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकांचे जहाज आज समुद्राला लागले आहे. नोकरी आहे, घर आहे, वारा अनुकूल आहे. अचला भूमीत बोधिसत्त्वाला जी आठवण करून दिली गेली, ती त्यांच्यासाठीही आहे. वसतिगृहाच्या त्याच खोल्यांत आज दुसरी मुले झोपलेली आहेत आणि त्यांची नदी अजून ओलांडायची आहे.