नोंदीबाहेरचे रुग्ण कसे मोजावेत?

प्रश्न: भंडारा जिल्ह्यातील डेंग्यू सर्वेक्षणाच्या मूल्यमापनाचा अहवाल लिहीत आहे. एकूण रुग्ण किती हेच माहीत नसेल, तर संवेदनशीलता कशी काढायची? – आरोग्य कर्मचारी, साकोली

उत्तर: दोन स्वतंत्र याद्या घ्या: एक आयएचआयपीवरची, दुसरी खासगी प्रयोगशाळांची. दोन्हींत रुग्णाची व्याख्या एकच हवी. समजा, पहिलीत ४०, दुसरीत ३० आणि दोन्हींत २० नावे सामाईक आहेत. ४० गुणिले ३० भागिले २०, म्हणजे अंदाजे ६० रुग्ण. त्यातले ४० सरकारी नोंदीत आले; संवेदनशीलता ६७ टक्के.

मात्र नाव, वय, गाव नीट जुळवा. एकच नाव दोन तऱ्हांनी लिहिलेले असले की जुळणी हुकते आणि संवेदनशीलता उगाच कमी दिसते. उलट, खासगी डॉक्टर स्वतःच सरकारला कळवत असतील तर ती फुगते.

अहवालातील वेळेवरपणाच्या निकषासाठी ताप आल्यापासून नोंदीपर्यंतच्या दिवसांची सरासरी नको, मध्यक द्या. दोन-चार उशिराच्या नोंदी सरासरी बिघडवतात.

प्रातिनिधिकतेसाठी सातही तालुक्यांत लाखामागे रुग्ण किती आणि चाचण्या किती, हे शेजारी मांडा. लाखांदुरात रुग्ण कमी दिसले तर आधी चाचण्या पाहा. नागपूरला उपचार घेणारे तुमचे रुग्णही राहत्या गावाच्या खात्यात जरूर धरा.